स्टॉकच्या पातेल्याची पार्श्वभूमी: फेस काढायचा नियम जुना, थंड करायचा नियम कालचा

स्टॉक, म्हणजे हाडं पाण्यात मंद शिजवून काढलेला रस्सा, कसा करायचा हे विचारलं की लोक हाडं किती, पाणी किती, किती तास इतकंच सांगतात, पण हे नियम एकदम एका दिवशी आलेले नाहीत, एकेक वेगवेगळ्या काळात चिकटत गेलाय. आणि जो सगळ्यात शेवटी आला तोच स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त मोडला जातो, म्हणून हे जरा मागून सांगतो.

'रेस्टॉरंट' हा शब्दच मुळात रश्श्याचा. 18व्या शतकातल्या पॅरिसमध्ये अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून जे मांसाचं सत्त्व प्यायला द्यायचे त्याला 'रेस्टोराँ' म्हणत, म्हणजे पुन्हा उभं करणारं, आणि ते जिथे मिळायचं त्या जागेलाच पुढे तेच नाव पडलं. त्याच्याही आधी, 1651 मध्ये फ्रेंच स्वयंपाकी ला व्हारेनच्या पुस्तकात मैदा चरबीत परतून रस दाट करायची पद्धत दिसते, म्हणजे आजच्या 'रू'ची पणजी. पण स्टॉक हा सगळ्याचा पाया आणि त्यावर मोजक्या सॉसचं घराणं, ही मांडणी फ्रेंच शेफ कारेमची. त्याचं 1833 मध्ये निघालेलं मोठं पुस्तक एस्पान्योल, व्हेलूते, आलमांद आणि बेशामेल या चार मुख्य सॉसभोवती उभं आहे. नंतर दुसरा फ्रेंच शेफ एस्कॉफिए, त्यानं 1903 मध्ये ते आटोपशीर केलं: आलमांदला व्हेलूतेचीच पोरगी ठरवलं आणि टोमॅटो सॉसला वर जागा दिली. आज जी पाचांची यादी पाठ करतात त्यातला पाचवा हॉलंडेज, ज्याला स्टॉक लागतच नाही (बेशामेलचं पण आता तेच, ते दुधावर चालतं).

आता स्टॉक क्लिअर का हवा, ते या घराण्यातच आहे: व्हेलूते म्हणजे रूनं दाट केलेला स्टॉकच. स्टॉक गढूळ असेल तर व्हेलूते राखाडी दिसतं आणि आटवलं की तो गढूळपणा आणखी दाट होतो, कारण आटताना फक्त पाणी उडतं. म्हणून थंड पाण्यापासून सुरुवात करायची: मांसातलं विरघळणारं प्रोटीन आधी पाण्यात उतरतं, मग हळूहळू तापताना गोळा होऊन करड्या फेसासारखं वर येतं, आणि झाऱ्यानं उचलता येतं. एकदम गरम पाण्यात हाडं टाकली की ते बारीक कणांतच गोठून पाण्यात फिरत राहतं, आणि मग ते गाळणीलाही सापडत नाही. पहिला तासभर खरा फेस येतो, तेव्हा पातेलं सोडून जायचं नाही. नंतर पृष्ठभागावर कुठेतरी एखाददुसरा बुडबुडा फुटेल इतकीच आच, साधारण 85 ते 93 अंश. खदखदलं की चरबीचे थेंब फुटून पाण्यात मिसळतात, आणि हा दुधाळपणा नंतर कितीही गाळला तरी निघत नाही, अंड्याच्या पांढऱ्याचा थर देऊन कॉन्सोमे, म्हणजे नितळ सूप, करायचा उद्योग तेवढा उरतो.

एस्कॉफिएच्या काळात सॉसलाही असाच फेस काढायचे. पातेलं आचेच्या एका कडेला सरकवायचं, एकाच बाजूला उकळी राहते, मैद्यातलं प्रोटीन आणि लोणी दुसऱ्या बाजूला साचतं, ते तासन्‌तास काढत राहायचं. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय की मैद्यातलं कामाचं फक्त स्टार्च, बाकीचं काढण्यातच वेळ जातो, आणि पुढे शुद्ध स्टार्च रूची जागा घेईल. 1973 मध्ये नूव्हेल क्विझीन या हलक्या फ्रेंच स्वयंपाकाच्या चळवळीवाल्यांनी मैद्याच्या जड सॉसवर काट मारली तेव्हा तक्रार वेगळी होती, पण रोख त्याच रूवर होता.

बल्कचा हिशोब एका उदाहरणानं बघा. 20 किलो कोंबडीची हाडं, 28 ते 30 लिटर थंड पाणी, शेवटच्या तासाला 2.5 किलो कांदा, गाजर, सेलरी, एकूण चार-पाच तास, आणि गाळून हातात साधारण 20 लिटर. म्हणजे एक किलो हाडांमागे एक लिटर तयार स्टॉक, हे प्रमाण लक्षात ठेवलं की पुरे. गोमांसाच्या हाडांना आठ तास किंवा जास्त, माशाला मात्र 40 मिनिटं, त्यापुढे कडवट होतो. स्टॉक फ्रिजमध्ये थिजून जेलीसारखा हलला पाहिजे, पाण्यासारखा राहिला तर हाडं कमी किंवा पाणी जास्त. यातला 5 लिटर स्टॉक आणि 400 ग्रॅम रू घेऊन अर्धा-पाऊण तास मंद शिजवलं की 4 लिटरच्या आसपास व्हेलूते होतं.

इथपर्यंतचे नियम जुने. थंड करण्याची जुन्या पुस्तकांना फारशी काळजी नव्हती, कारण जुन्या घरात रश्श्याचं भांडं चुलीवरच असायचं, धग कायम, आणि त्या धगीत जंतू वाढत नसत. प्रॉब्लेम आला तो एका दिवशी भरपूर करून ठेवायचं आणि उद्या वापरायचं ठरवल्यावर. 1953 मध्ये ब्रिटनमधल्या बेटी हॉब्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जंतूमुळे होणारी विषबाधा नीट मांडली: आदल्या दिवशी शिजवलेलं मांस, हळूहळू गार झालेलं, दुसऱ्या दिवशी थंडच किंवा कोमट करून वाढलेलं. याचे बीजाणू उकळीतही जिवंत राहतात आणि 43 ते 47 अंशांच्या आसपास सगळ्यात जोमानं वाढतात, अनुकूल परिस्थितीत दर दहा मिनिटांना दुप्पट. दोन तास म्हणजे बारा दुपटी, एकाचे 4096.

म्हणून अमेरिकेच्या फूड कोडमध्ये दोन टप्पे आहेत: 57 वरून 21 अंशांवर दोन तासात, आणि सुरुवातीपासून एकूण सहा तासात 5 अंशांच्या खाली. 20 लिटरचं उभं पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर हे होत नाही, कडा गार पडतात, मधला भाग रात्रभर कोमट राहतो, शिवाय फ्रिजमधलं बाकीचं सामानही तापतं. मी एका किचनमध्ये असताना असंच रात्री ठेवलेलं पातेलं सकाळी उघडलं, वर चरबीचा छान पांढरा थर, आणि झारा आत घातल्यावर बुडबुडे सुटले आणि आंबूस वास आला, सगळा स्टॉक फेकला. त्यातही वास आला म्हणून कळलं, नेहमी येतोच असं नाही.

मग काय करायचं? स्टॉक आटवून 15 लिटर करा आणि 5 किलो स्वच्छ पिण्याच्या पाण्याचा बर्फ थेट टाका. 90 अंशाचा स्टॉक बर्फ वितळेपर्यंत हिशोबानं 47 वर येतो, आणि पातळी परत 20 लिटर. पण 47 हीच तर वाढीची सगळ्यात वाईट जागा, तिथे थांबून चहाला जायचं नाही. लगेच चार पातेल्यांत वाटून बर्फाच्या पाण्यात बसवा, दर पाच-दहा मिनिटांनी ढवळा, 21 खाली आलं की पाच सेंटिमीटर खोलीच्या उथळ ट्रेमध्ये, झाकण तिरकं ठेवून, फ्रिजमध्ये. थर्मामीटर मधोमध, कडेला नाही.

व्हेलूते-बेशामेलला तर आणखी वेळ लागतो. पातळ स्टॉक आत आपोआप फिरतो, दाट सॉस फिरत नाही, त्यामुळे उष्णता मधेच अडकते. त्यात मैद्यातून आणि दुधातून बॅसिलस सेरियस हा जंतू येऊ शकतो, आणि तो करतो त्यातलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही, त्यामुळे "सकाळी उकळी आणतो ना" हे उत्तर इथे चालत नाही. म्हणून सॉस ट्रेमध्ये स्टॉकपेक्षाही पातळ थरात ओतायचा.