चश्म्याच्या फ्रेमचा रंग: आधी गडदपणा, मग छटा

दुकानातल्या तबकात सुरेख दिसलेली तपकिरी फ्रेम चेहऱ्यावर चढवताच मळकट दिसू लागते, आणि शेजारी पडलेली, कोणाच्याही नजरेत न भरलेली काळपट हिरवी फ्रेम मात्र चेहरा उजळवते, असा अनुभव पुष्कळांना येतो. त्याचे कारण फ्रेममध्ये नसते, कारण रंग डोळ्यांना कधीच एकटा दिसत नाही. पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकामशाळेत १८२४ साली रंगाईचे प्रमुख म्हणून नेमल्या गेलेल्या मिशेल शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे विणकरांची तक्रार आली होती की निळ्या आणि जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. शेव्ह्रल यांनी धागे तपासले, तेव्हा रंगाईत दोष सापडला नाही. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याचा रंग डोळ्यांपुरता बदलत होते. १८३९ साली त्यांनी याचा नियम सविस्तर मांडला: लगत ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपापल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात, आणि गडद रंगाशेजारचा फिका रंग आणखी फिका भासतो. गालाच्या हाडापासून भुवईपर्यंत त्वचेला चिकटून बसणाऱ्या फ्रेमला हा नियम जितका लागू पडतो, तितका अंगावरच्या शर्टाला किंवा साडीलाही पडत नाही.

त्वचेच्या रंगात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपल्या भाषेने त्या आधीच ओळखल्या आहेत. ‘निमगोरा’, ‘सावळा’, ‘काळासावळा’ हे शब्द प्रामुख्याने गडदपणा सांगतात, तर ‘केतकी’ आणि ‘तांबूस गोरा’ हे शब्द त्याखालची छटा सांगतात. गडदपणा मुख्यतः मेलॅनिन या तपकिरी रंगद्रव्यामुळे येतो. तांबूसपणा त्वचेतल्या केशवाहिन्यांमधील रक्तामुळे येतो. आणि पिवळसर झाक काही अंशी मेलॅनिनची, तर काही अंशी अन्नातून येणाऱ्या कॅरोटीनची असते. चश्मा निवडताना बहुतेक सल्लागार छटेपासून सुरुवात करतात. माझ्या मते आपल्याकडच्या चेहऱ्यांसाठी हा क्रम उलटा आहे. युरोपात केस सोनेरी, तांबडे, तपकिरी असे नाना रंगांचे असतात, म्हणून तिथे छटेला महत्त्व येते. आपल्याकडे तरुणपणी बहुतेकांचे केस काळे, बुबुळे गडद तपकिरी आणि त्वचा या दोहोंहून फिकी असते. त्यामुळे चेहऱ्यावर मूळचाच ठळक गडद-फिका फरक असतो, आणि फ्रेम त्यात भर घालते किंवा त्याच्याशी झगडते.

हा फरक चेहरा वाचताना डोळे खरोखर वापरतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की डोळे, भुवया आणि ओठ यांचा भोवतालच्या त्वचेशी असलेला फरक वयाबरोबर कमी होत जातो, आणि ज्या चेहऱ्यात तो अधिक, तो चेहरा पाहणाऱ्यांना तरुण वाटतो. हा अभ्यास गोऱ्या युरोपीय स्त्रियांच्या छायाचित्रांवर होता, पण २०१७ साली चिनी, लॅटिन अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चेहऱ्यांतही तोच कल दिसला. याचा अर्थ फ्रेम जितकी काळी तितकी बरी, असा मात्र मुळीच नाही. फ्रेमच चेहऱ्यातली सर्वांत गडद वस्तू झाली, तर नजर तिच्यावर अडकते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीचे उदाहरण घेतो. तिचे वय छप्पन्न, वर्ण सावळा आणि किंचित पिवळसर झाकेचा, चेहरा गोलाकडे झुकणारा, नंबर दोन्ही डोळ्यांना वजा साडेतीन. ती वीस वर्षे जाड काळ्या शेल फ्रेमचा चश्मा वापरत होती आणि तो तिला शोभतही होता. मग तिने केस काळे करणे सोडले, आणि वर्षभरात सगळे तिला विचारू लागले की ती एवढी रागावलेली का दिसते. मी एका कागदावर शून्य ते दहा अशी ढोबळ पट्टी आखली, ज्यात शून्य म्हणजे काजळ आणि दहा म्हणजे कोरा कागद. पूर्वी तिचे केस या पट्टीवर दोनवर, भुवया दोनवर, फ्रेम एकवर आणि त्वचा साडेचारवर होती, म्हणजे फ्रेम केसांच्या आणि भुवयांच्या गटात सहज मिसळत असे. आता केस सातवर आणि भुवया साडेतीनवर आल्या होत्या. फ्रेम मात्र एकवरच राहिली, आणि पांढऱ्या केसांच्या शेजारी, शेव्ह्रल यांच्या नियमाप्रमाणे, ती पूर्वीपेक्षाही काळी भासू लागली. राग तिच्या चेहऱ्यात नव्हता, तो त्या दोन काळ्या चौकटींत होता.

असे मोजमाप घरी करायला उपकरण लागत नाही. सकाळी खिडकीकडे तोंड करून, खोलीतले दिवे बंद ठेवून आणि मोबाइलमधली चेहरा उजळवणारी सोय बंद करून छायाचित्र काढावे, मग ते कृष्णधवल करावे. रंग निघून गेले की उरतो तो केवळ गडदपणा, आणि फ्रेम भुवयांच्या गटात बसते की एकटी उठून दिसते हे तत्काळ कळते. दुकानातल्या आरशावर याबाबत विसंबू नये. आरशाच्या वरच्या दिव्यांचा प्रकाश बहुधा निळसर पांढरा असतो, त्यात पिवळसर त्वचा फिकट दिसते, आणि वरून पडणारा झोत फ्रेमची सावली गालावर टाकून तिला आहे त्याहून जाड दाखवतो.

आता छटा. मनगटावरच्या शिरा हिरव्या दिसल्या तर झाक उबदार म्हणजे पिवळट, निळ्या दिसल्या तर थंड म्हणजे गुलाबी-निळसर, ही कसोटी फार प्रसिद्ध आहे, पण ती भरवशाची नाही. शिरेतून परत येणारा प्रकाश प्रत्यक्षात निळा नसतो. १९९६ साली भौतिकशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले की शिरेवरची त्वचा भोवतालच्या त्वचेपेक्षा लाल प्रकाश कमी परतवते, आणि या तुलनेमुळेच ती आपल्याला निळी वाटते. सावळ्या त्वचेत शिरा नीट दिसतच नाहीत, हा वेगळा प्रश्न. त्यापेक्षा जबड्याच्या कडेला कोरा पांढरा कागद धरून खिडकीच्या उजेडात पाहावे. कागदाशेजारी त्वचा पिवळट दिसते की तांबूस, हे बहुतेकांना लगेच सांगता येते.

झाक पिवळट असेल तर फ्रेमच्या रंगाकडून काय अपेक्षावे, याचे उत्तर विरुद्ध रंगाच्या नियमात आहे. जांभळ्याचा विरुद्ध रंग पिवळा, म्हणून झळझळीत जांभळी फ्रेम पिवळट त्वचेला अधिकच पिवळी करते. हिरव्याचा विरुद्ध रंग तांबडा, म्हणून गडद हिरवी फ्रेम शेजारच्या त्वचेला किंचित तांबूसपणा देते. त्याच कारणाने तांबूस किंवा मुरुमांचे डाग असलेल्या चेहऱ्याला मात्र हिरवी फ्रेम टाळलेली बरी. हा परिणाम रुंद, अपारदर्शक कडेशेजारी दिसतो. धातूची बारीक तार घेतली तर डोळे उलट वागू शकतात: बारीक रेषेचा रंग शेजारच्या पृष्ठभागात मिसळल्यासारखा भासतो, हे विल्हेल्म फॉन बेझोल्ड यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. म्हणून सोनेरी तार केतकी वर्णाशी एकरूप होते आणि गनमेटलची तार तिथे थोडी करडी झाक आणते. पारदर्शक रंगीत प्लास्टिकच्या फ्रेमची गोष्ट आणखी निराळी. ती काचेसारखी रंगीत उजेड गालावर पाडते, आणि हिरव्या पारदर्शक फ्रेमखाली डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळे अधिक मळकट दिसतात.

हे सारे नियम पसंतीचा शेवटचा शब्द नाहीत, हेही सांगायला हवे. छायाचित्रांतल्या कपड्यांचे रंग बदलून पाहणाऱ्यांना निवडायला सांगितले, तेव्हा उन्हाने रापलेल्या त्वचेसाठी त्यांनी लालसर, तर गोऱ्या त्वचेसाठी निळसर रंगांना कौल दिल्याचे एका प्रयोगात दिसले. विरुद्ध रंगाच्या हिशेबात हे चपखल बसत नाही. डोळ्यांना काय दिसते हा भौतिक-शारीरिक प्रश्न आहे, आणि काय आवडते यात सवयीचा मोठा वाटा आहे.

बहिणीने चार फ्रेम लावून पाहिल्या. पूर्ण पारदर्शक फ्रेम पट्टीवर नऊवर होती. ती पांढऱ्या केसांना जुळली, पण डोळ्यांभोवती काहीच आधार उरला नाही, आणि वजा नंबरच्या भिंगाची जाड कड पारदर्शक कडेतून उघडी पडणार होती. जांभळी फ्रेम वरच्याच कारणाने गेली. डेमी अंबर, म्हणजे कासवाच्या पाठीसारखी ठिपक्यांची तपकिरी, गडदपणाने ठीक होती, पण तिचा मधाळ पिवळा आणि त्वचेचा पिवळा इतके जवळ होते की दोन्ही मळल्यासारखे दिसले. चौथी वर बाटलीहिरवी अपारदर्शक आणि खाली रंगहीन अशी दोन थरांची होती. तिचा वरचा भाग पट्टीवर तीनवर, म्हणजे भुवयांपेक्षा अर्ध्या पायरीनेच गडद. तिच्या चेहऱ्यात तीच बसली.

इथे चेहऱ्याच्या आकाराचा विषय येतो, आणि तो मी थोडक्यात आटोपतो, कारण गोल, चौकोनी, बदामी असे साचे प्रत्यक्षातल्या चेहऱ्यांना क्वचितच नीट लागू पडतात. रंगाने आकार बदलत नाही, नजर कुठे थांबते ते बदलते. गडद कड फक्त वर ठेवली की गालाच्या सर्वांत रुंद भागावरून आडवी रेघ जात नाही, म्हणून गोल चेहरा कमी रुंद वाटतो. हनुवटी निमुळती आणि कपाळ रुंद असेल, तर तीच फ्रेम कपाळ आणखी जड करते. तिथे सर्व बाजूंनी सारखी, मध्यम गडद कड बरी. नाकावरचा ब्रिज रंगहीन असला की जवळ जवळ असलेले डोळे दूर भासतात, आणि गडद असला की दूरचे डोळे जवळ येतात. वजा नंबरने डोळे लहान दिसतात, त्यामुळे जाड गडद कडेत ते आणखी लहान वाटतात, हे बहिणीच्या जुन्या चश्म्याबाबतचे दुसरे कारण होते.

रंग टिकतो किती, हे फ्रेम कशाची आहे यावर ठरते. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकच्या शीटमधून कापलेल्या फ्रेममध्ये रंग आरपार असतो. घामाने आणि दमट हवेने काही वर्षांत पृष्ठभाग पांढुरका झाला, तर चश्मेवाला तो चाकावर घासून पुन्हा चमकवतो. रंगाचा थर वरून दिलेल्या फ्रेममध्ये तो थर आधी नाकाजवळ आणि मग कानामागे दांडीवर उडू लागतो, आणि खालचे प्लास्टिक किंवा धातू उघडा पडतो. विकत घेताना दांडीची आतली बाजू आणि बिजागरीजवळची कापलेली कड पाहावी. तिथे बाहेरच्यापेक्षा वेगळाच रंग दिसला, तर तो वरचा थर तरी आहे किंवा दोन शीट चिकटवलेल्या आहेत. चिकटवलेल्या शीटमध्ये दोन रंगांची सरळ रेघ कडेवर स्पष्ट दिसते, आणि ती घासूनही जात नाही.