पिग्मी ठेव (बेळगाव सीमाभाग)

फेरीवाले, भाजीवाल्या आणि छोट्या दुकानदारांकडून रोज ठरावीक रक्कम जागेवर येऊन गोळा करण्याची ठेव योजना. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने (तेव्हाचे नाव कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट) दिवसाला दोन आणे घेऊन ती सुरू केली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता ती मुख्यतः सहकारी बँका, पतसंस्था आणि सौहार्द संस्था चालवतात. बेळगावच्या गणपत गल्लीत संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरू लागले की एजंट हातातले मशीन घेऊन पाटीपाशी येतो, नोटा मोजतो आणि पावती फाडून देतो.

व्याजाचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा लागतो. रोज शंभर रुपये भरले तर वर्षाला ३६,५०० जमतात. दर ४ टक्के असेल तर १,४६० रुपये व्याज येईल असे वाटते, पण हाती साधारण ७३० येतात. यात फसवणूक नाही. पहिल्या दिवसाचे शंभर रुपये वर्षभर राहतात, शेवटच्या दिवसाचे एकच दिवस. सरासरीने प्रत्येक रुपया सहा महिनेच खात्यात असतो.

खरे नुकसान होते ते पिग्मी मध्येच मोडल्यावर. बहुतेक संस्था सहा महिन्यांच्या आत व्याज देत नाहीत, उलट एजंटचे कमिशन कापून घेतात. समजा, पाच महिन्यांत १५,००० जमले आणि मुलाच्या शाळेसाठी १०,००० हवे आहेत. कपात ३ टक्के असेल तर मोडताना ४५० रुपये जातात. त्याऐवजी त्याच ठेवीवर १२ टक्के दराने दोन महिन्यांसाठी १०,००० उचलले तर व्याज २०० रुपये होते आणि पिग्मी चालू राहते. खासगी सावकार १०,००० सांगून ९,००० हातावर ठेवतो आणि शंभर दिवस रोज शंभर वसूल करतो. वर्षाच्या हिशेबाने तो दर पाऊणशे टक्क्यांच्या वर जातो. म्हणून पिग्मीची मोठी कमाई तिच्या व्याजात नाही, वेळेला मिळणाऱ्या या कर्जात आहे.

घोटाळा बहुधा एजंट आणि शाखा यांच्यामध्ये होतो: पैसे घेतले जातात, पण खात्यावर चढत नाहीत. ‘मशीन बिघडलंय, पावती उद्या देतो’ हे दोन-तीन दिवस ऐकू आले की शाखेत जावे. एरवीही महिन्यातून एकदा पासबुक भरून घेऊन शेवटच्या पावतीवरची एकूण शिल्लक त्याच्याशी ताडून पाहावी. एक-दोन दिवसांचा फरक भरणा उशिरा झाल्यामुळे असू शकतो. आठवड्याचा असेल तर लेखी तक्रार द्यावी आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

संस्थाच बुडाली तर सहकारी बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्था आणि सौहार्द पतसंस्थांतल्या पिग्मीला ते लागू नाही.