म्हाताऱ्या लॅब्राडोरची घरघर: स्वरयंत्राचा लकवा, उन्हाळा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

दहा-अकरा वर्षांचा लॅब्राडोर फिरून आल्यावर बराच वेळ धापा टाकत राहतो, त्याचे भुंकणे बसल्यासारखे किंवा घोगरे होते आणि श्वास आत घेताना घशातून खरखरीत, करवतीसारखा आवाज येतो. घरातले लोक हे सगळे वयाच्या खाती जमा करतात, आणि त्यामुळे कित्येक महिने वाया जातात. यातील महत्त्वाची खूण म्हणजे आवाज श्वासाच्या कोणत्या टप्प्यात येतो ही होय. तो मुख्यतः श्वास आत घेताना येत असेल, तर अडथळा फुप्फुसांत नसून वर, घशाच्या तोंडाशी असण्याची शक्यता मोठी असते, आणि मोठ्या जातींच्या वृद्ध कुत्र्यांमध्ये त्याचे नेहमी आढळणारे कारण म्हणजे स्वरयंत्राचा लकवा.

कुत्र्याच्या स्वरयंत्रात ॲरिटेनॉइड नावाच्या दोन लहान कूर्चा असतात. प्रत्येक श्वासाबरोबर त्या बाजूला सरकतात आणि हवेला वाट मिळते; गिळताना त्या जवळ येऊन श्वासनलिकेचे तोंड झाकतात. त्यांना बाजूला ओढण्याचे काम दोन्ही बाजूंना एकेकच स्नायू करतो, आणि त्या स्नायूला आज्ञा पोचवणारी चेता मेंदूकडून निघून थेट घशात न जाता आधी छातीत उतरते, तेथील मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर स्वरयंत्राकडे येते. वाट अशी लांब असल्यामुळे वयोमानाने चेतांचा ऱ्हास सुरू झाला की ही चेता लवकर निकामी होते. हा ऱ्हास एकट्या घशापुरता नसतो. मागच्या पायांच्या लांब चेता आणि अन्ननलिकेची हालचाल यांवरही त्याचा परिणाम होतो, म्हणूनच घरघर सुरू झालेल्या कुत्र्याचे मागचे पाय कालांतराने लटपटू लागतात, त्याची नखे जमिनीवर घासू लागतात आणि पाणी पिताना त्याला ठसका लागतो. पुढचा निर्णय घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

उन्हाळा या कुत्र्यांच्या जिवावर का बेततो, हे समजण्यासाठी कुत्रा स्वतःला थंड कसा ठेवतो ते पाहिले पाहिजे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून तोंड, जीभ आणि नाकातील ओलाव्याचे बाष्पीभवन करतो. स्वरयंत्राची फट अरुंद झाली की हा मार्गच खुंटतो. वाटेची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढीच हवा ओढण्यासाठी लागणारा जोर दुप्पट नव्हे, सुमारे १६ पट होतो. त्या जोराने श्वसनाचे स्नायू आणखी उष्णता निर्माण करतात, वेगाने ओढलेल्या हवेमुळे आधीच सैल पडलेल्या कूर्चा आत खेचल्या जातात, घशाचे अस्तर सुजते आणि फट आणखी लहान होते. कुत्रा घाबरतो आणि अधिक जोराने श्वास ओढतो. हे दुष्टचक्र काही मिनिटांतही जीवघेणे ठरू शकते. नागपूरच्या कोरड्या उन्हात जसा हा धोका आहे, तसाच तो मुंबईच्या दमट हवेतही आहे, कारण हवेत बाष्प भरलेले असले की धापा टाकूनही अंग पुरेसे थंड होत नाही.

अशा वेळी हिरड्या किंवा जीभ निळसर, जांभळी दिसू लागली, कुत्रा बसायलाही तयार होत नसेल किंवा कोसळला असेल, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि गाडीतही वारा चालू ठेवून दवाखाना गाठावा. तोंडात पाणी ओतू नये. ते सरळ श्वासनलिकेत जाऊ शकते. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले की अवयवांना इजा होऊ लागते. दवाखान्यात प्राणवायूबरोबर बहुधा शांत करणारे इंजेक्शन देतात. मालकांना त्याची भीती वाटते, पण घाबरून ओढलेला श्वास संथ झाला की घशावरचा ताण खरोखरच उतरतो. तरीही श्वास सुधारला नाही, तर घशात नळी घालावी लागते.

निदानासाठी हलकी भूल देऊन स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहतात. येथे फसगत होण्याची एक जागा आहे. निकामी झालेल्या कूर्चा श्वास सोडताना बाहेर जाणाऱ्या हवेने उघडतात, आणि पाहणाऱ्याला त्या नीट हलत असल्याचा भास होतो. म्हणून छातीवर नजर ठेवणारा सहायक प्रत्येक वेळी ‘आता आत’ असे सांगतो आणि डॉक्टर नेमक्या त्या क्षणी कूर्चा उघडतात का ते पाहतात. भूल जास्त झाली तर निरोगी स्वरयंत्रही हलेनासे होते; त्यामुळे श्वास खोल व्हावा म्हणून काही वेळा डॉक्साप्राम हे औषध देतात. छातीचा एक्स-रे याच टप्प्यावर काढायला हवा, कारण न्यूमोनिया, फुगलेली अन्ननलिका किंवा छातीतील गाठ आढळली, तर पुढचा सगळा विचार बदलतो.

‘टाय-बॅक’ शस्त्रक्रियेत मानेच्या बाजूने छेद घेऊन एका बाजूची कूर्चा, बहुधा डावी, न विरघळणाऱ्या टाक्याने बाहेरच्या बाजूला कायमची बांधून ठेवतात. फट थोडीशी रुंद झाली तरी श्वासाचा जोर बराच कमी होतो, त्यामुळे एकच बाजू पुरते. दोन्ही बाजू बांधल्या तर श्वासनलिकेचे तोंड फारच उघडे राहते. मात्र एक बाजू बांधल्यावरही ते तोंड गिळताना पूर्ण झाकले जात नाही, आणि अन्नाचा कण किंवा पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका आयुष्यभर राहतो. थोडक्यात, ही शस्त्रक्रिया गुदमरण्याचा धोका घालवून त्याजागी ठसक्याचा धोका पत्करते. चेतांचा ऱ्हास तिने थांबत नाही.

समजा, ११ वर्षांचा, ३८ किलोचा लॅब्राडोर आहे. आवाज आठ महिन्यांपासून, पण फेब्रुवारीपर्यंत तो सकाळी अर्धा तास आरामात फिरतो. मार्चमध्ये पाचच मिनिटांत तो थांबू लागतो आणि रात्रीही धापा टाकतो. एक्स-रे स्वच्छ आहे, तो उलटी न होता जेवतो आणि मागचे पाय किंचितच डळमळतात. अशा कुत्र्याची शस्त्रक्रिया एप्रिलची वाट न पाहता करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सुजलेल्या घशावर, तापलेल्या शरीरावर आणि मध्यरात्री केलेली तीच शस्त्रक्रिया कितीतरी अधिक धोक्याची असते. याउलट, तोच कुत्रा गिळलेले अन्न वारंवार परत काढत असेल, त्याला न्यूमोनिया होऊन गेला असेल किंवा त्याला उठून उभे राहणेच जमत नसेल, तर टाक्याने श्वास मोकळा होऊनही त्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. तेथे वजन उतरवणे, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरणे, फिरणे पहाटेवर आणणे आणि दुपारी गार खोली देणे हाच प्रामाणिक उपचार आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले शांत करणारे औषधही घरात असावे.

शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा ते आठ आठवडे भुंकणे आणि उड्या टाळाव्या लागतात, कारण जोराच्या भुंकण्याने टाका कूर्चेतून फाटून निघू शकतो. जुनी घरघर अचानक परत आली तर हेच घडले असावे असे समजावे. भुगा होणाऱ्या कोरड्या खाद्याऐवजी मऊ खाद्याचे छोटे गोळे द्यावेत, एका वेळी थोडेच पाणी ठेवावे आणि पोहणे कायमचे बंद करावे, कारण उघड्या स्वरयंत्रातून पाणी थेट आत जाते. खोकला वाढला, ताप आला, भूक गेली किंवा झोपेत श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त होऊ लागला, तर त्याच दिवशी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा. हा न्यूमोनिया लवकर सापडला तर बहुधा औषधाने आटोक्यात येतो.