मीडिएशन फेल आणि अर्धी तडजोड, दोन्ही एकच नाही

वाटपाच्या दाव्यात मीडिएशन झालं, सगळं जमलं नाही, की लोक सरळ म्हणतात "फेल गेलं". पण काहीच न जमणं वेगळं आणि थोडं जमणं वेगळं, आणि हा फरक त्याच दिवशी कागदावर नाही आला तर जे जमलेलं असतं तेही हातातून जातं.

काहीच जमलं नाही तर मीडिएटर कोर्टाला फक्त एवढंच कळवतो की मीडिएशन यशस्वी झालं नाही. कोण अडून बसलं, कोण किती द्यायला तयार होतं, हे त्यात लिहायचं नसतं, सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये मोती राम केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. म्हणजे तिथे तुम्ही "दहा लाख देतो" म्हणाला असाल तरी समोरचा ते पुरावा म्हणून वापरू शकत नाही. दावा जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू.

आता समजा दोन भाऊ आणि एक बहीण. वाडा कोणाला, शेत कसं वाटायचं हे ठरलं, पण दुकानाच्या भाड्याचा हिशोब काही सुटेना. इथे दिवाणी प्रक्रिया संहितेचा ऑर्डर 23 रूल 3 कामी येतो, दाव्याच्या काही भागापुरतीही तडजोड चालते, पण ती लेखी हवी आणि पक्षकारांच्या सह्या हव्यात. वाडा-शेताच्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या लेखी अटी, कोर्टात दाखल करायच्या, कोर्टाची खात्री पटली की तेवढ्यापुरता हुकूमनामा होतो, आणि भाड्याचा मुद्दा पुराव्यावर चालतो. मीडिएटरसमोर सह्या झाल्या म्हणजे काम झालं असं समजू नका, कोर्टात चालू असलेल्या दाव्यात तो कागद कोर्टापुढे जाऊन हुकूमनामा होणं गरजेचं आहे.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे: वाडा-शेताची तडजोड भाड्याच्या निकालावर अवलंबून आहे की नाही? हे लिहिलं नाही तर वर्षभराने एक भाऊ म्हणतो "हिशोब मिटल्यावरच मी घर सोडणार होतो", आणि मग त्या कागदाच्या अर्थावरच नवं भांडण. म्हणून स्वच्छ लिहा की ही कलमं स्वतंत्र आहेत, भाड्याबद्दल कोणी काही कबूल केलेलं नाही, तो मुद्दा कोर्ट ठरवेल. आणि बहिणीची सही राहिली तर तिच्यावर ते बंधनकारक नाही, हे विसरू नका.

अजून एक, दाव्यात नसलेला फ्लॅट किंवा प्लॉट तडजोडीत घातला तर तेवढ्यासाठी हुकूमनाम्याची नोंदणी लागते (नोंदणी कायदा कलम 17), वकिलाला आधीच विचारा.

सही करताना घाई नको, कारण संमतीच्या हुकूमनाम्यावर नेहमीसारखं अपील होत नाही, आणि तडजोडच बेकायदेशीर होती म्हणून तो रद्द करायला वेगळा दावाही चालत नाही, त्याच कोर्टात जावं लागतं. उरलेल्या भाड्यासाठी मात्र दार बंद नाही, साक्षी चालू असतानाही सगळे पक्षकार तयार झाले तर परत मीडिएशन किंवा लोकअदालत मागता येते.