नऊ इंची मीडियम की बारा इंची लार्ज?

लातूरच्या ट्यूशन एरियात रात्रीचे क्लास सुटले की चार पोरं वर्गणी काढतात आणि मेनूकार्डावर वाद सुरू होतो. हिशोबासाठी साधे दर धरू. मीडियम पिझ्झा ९ इंची, २९० रुपयांचा, त्याचे सहा तुकडे. लार्ज १२ इंची, ४६० रुपयांचा, त्याचे आठ तुकडे. गणितात हुशार असलेला पोरगा लगेच भागाकार करून सांगतो की मीडियमचा तुकडा ४८ रुपयांना पडतो आणि लार्जचा साडेसत्तावन्नला, म्हणजे मीडियमच घ्या.

भागाकार बरोबर आहे, पण भागलं चुकीच्या गोष्टीनं. तुकडा हे काही माप नव्हे. गोल चाकू किती वेळा फिरवायचा ते दुकानदार ठरवतो. तोच पिझ्झा बारा ठिकाणी कापला तर तुकडा स्वस्त होईल, पण ताटात एक घासही जास्त येणार नाही. पिझ्झा पसरट असतो आणि दोन्ही आकारांत थर साधारण सारखाच असतो, म्हणून किती खायला मिळतं ते ठरतं क्षेत्रफळावर.

इथे डोळा फसतो. ९ आणि १२ हे आकडे शेजारी ठेवले की लार्ज एक तृतीयांशानं मोठा वाटतो, आणि किंमत तर दीडपटीहून जास्त. मग महागच म्हणायचा! पण वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं. मोटारीवरचा दोन इंची पाइप काढून तीन इंची टाकला की पाइपाचं तोंड दीडपट होत नाही, दुपटीच्याही वर जातं, हे शेतातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. ते दोनाच्या वर्गाकडून तिनाच्या वर्गाकडे, म्हणजे चाराकडून नवाकडे गेलेलं असतं. पिझ्झाचंही तसंच. ९ चा वर्ग ८१, १२ चा वर्ग १४४. लार्ज मीडियमच्या पावणेदोन पटीहून थोडा मोठा आहे.

पूर्ण क्षेत्रफळ हवं असेल तर व्यासाच्या वर्गाला ०.७८५४ नं गुणायचं. मीडियम भरतो ६३.६ चौरस इंच, लार्ज ११३.१ चौरस इंच. किंमत भागली की मीडियमचा चौरस इंच ४ रुपये ५६ पैशांना पडतो आणि लार्जचा ४ रुपये ७ पैशांना. नुसती तुलना करायची असेल तर ०.७८५४ चीही गरज नाही, कारण तो आकडा दोन्हीकडे सारखाच येतो. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर किंमत भागिले व्यास, पुन्हा भागिले व्यास, एवढं पुरतं. २९० चे येतात ३.५८ आणि ४६० चे ३.१९. लहान आकडा तो स्वस्त.

हेच उलटं वापरलं तर मेनूकार्ड वाचतानाच निकाल लागतो. मीडियमच्या किंमतीला १४४ नं गुणून ८१ नं भागा. २९० चे ५१५ रुपये होतात. लार्ज ५१५ च्या आत असेल तर तो परवडतो, वर गेला तर मीडियम बरा. आपल्या उदाहरणात ५५ रुपयांची सूट आकारामुळे आपोआपच मिळते आहे. दहा आणि बारा इंचांची जोडी असेल तर गुणक १.४४, दहा आणि तेराची असेल तर १.६९.

दुकानदाराला ही सूट परवडते त्याचं कारण त्याच्या खर्चात आहे. मैदा, सॉस आणि चीज क्षेत्रफळाप्रमाणे वाढतात. पण ऑर्डर घेणं, गोळा लाटणं, ओव्हनमध्ये सरकवणं, कापणं आणि खोक्यात भरणं ही कामं दर नगाला एकदाच असतात, पिझ्झा केवढाही असो. बारा इंची पिझ्झाला कारागिराचा वेळ पावणेदोन पट लागत नाही. त्यामुळे नगामागचा ठरलेला खर्च लार्जमध्ये जास्त चौरस इंचांवर वाटला जातो. घरपोच मागवल्यावर तेच होतं. पोचवण्याचे ४० रुपये दोघांवरही सारखेच चढवा, मीडियमचा दर ५ रुपये १९ पैसे होतो आणि लार्जचा ४ रुपये ४२ पैसे. फरक आणखी रुंदावतो.

आता काठाकडे बघू, कारण पैसे खरे तर चीज आणि टॉपिंगचे असतात. कडेचा पाऊण इंच साधारण कोराच राहतो. मीडियमच्या दोन्ही बाजूंनी पाऊण-पाऊण इंच गेला की टॉपिंगचं वर्तुळ उरतं साडेसात इंचांचं, म्हणजे ४४ चौरस इंच. लार्जमध्ये उरतं साडेदहा इंचांचं, म्हणजे साडेशहाऐंशी. मीडियममधला जवळजवळ एकतृतीयांश भाग कोऱ्या काठात जातो, लार्जमधला चौथ्या हिश्शाहूनही कमी. टॉपिंगच्या भागावर दर काढला तर मीडियम साडेसहा रुपये आणि लार्ज सव्वापाच रुपयांच्या आसपास येतो. नुसत्या क्षेत्रफळाच्या हिशोबात लार्ज साधारण अकरा टक्क्यांनी स्वस्त होता, टॉपिंगच्या हिशोबात तो एकोणीस टक्क्यांनी स्वस्त निघतो. काठ आवडीनं खाणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

हे सगळं कार्डावरचा इंच खरा आहे असं धरून. बऱ्याच ठिकाणी छापलेला आकडा साच्याचा किंवा लाटलेल्या बेसचा असतो, भाजून आलेल्या पिझ्झाचा नव्हे. मैद्यातलं ग्लुटेन रबरासारखं मागे ओढतं. गोळा फ्रिजमधून काढून थंड असतानाच ताणला तर ही ओढ जास्त असते आणि बेस आक्रसतो. इथे चुकीचाही वर्ग होतो. बारा इंची म्हणून आलेला पिझ्झा सव्वाअकरा भरला तर व्यासात सहा टक्केच गेले असं वाटतं, पण क्षेत्रफळ ९९ चौरस इंचांवर येतं, म्हणजे बारा टक्के कमी. दर ४ रुपये ६३ पैसे होतो आणि खऱ्या नऊ इंची मीडियमपुढे लार्ज हरतो. सीमारेषा साधारण ११.३ इंचांवर आहे.

म्हणून एकदा तरी मोजून बघावं, आणि दोन्ही आकार मोजावेत, कारण मीडियमही आक्रसलेला असू शकतो. एक खरा आणि एक छापील असे आकडे जोडले की तुलना बिघडते. कंपासपेटीतली सहा इंची पट्टी इथे उपयोगाची नाही, ती दोनदा ठेवताना मधे घसरते. शिंप्याची टेप चांगली. खोका मोजून भागत नाही, खोका पिझ्झापेक्षा मोठाच असतो. पिझ्झा तुकडे न हलवता मधोमध आडवा मोजा, मग काटकोनात उभा मोजा. हातानं ताणलेला पिझ्झा क्वचितच नेमका गोल असतो. लांबी साडेबारा आणि रुंदी सव्वाअकरा आली तर वर्गाऐवजी या दोन आकड्यांचा गुणाकार घ्यायचा. तो येतो १४०.६, म्हणजे १४४ च्या जवळच, आणि तक्रारीला जागा नाही. तुकडे आधीच विस्कटले असतील तर एका तुकड्याची टोकापासून काठापर्यंतची लांबी मोजून दुप्पट करा. दोन-तीन तुकडे मोजून सरासरी घेतलेली बरी, कारण चाकू नेमका मध्यातून जातोच असं नाही.

थराची जाडी मात्र टेपनं कळत नाही. नऊ इंचांच्या बेसला १८० ग्रॅमचा गोळा घेतला तर तेवढीच जाडी ठेवायला बारा इंचांना ३२० ग्रॅम लागतो. लार्जला २६० ग्रॅमचाच गोळा ताणला असेल तर क्षेत्रफळ पूर्ण भरेल आणि पोट मात्र भरणार नाही. शंका आली तर वजनकाट्यावर बघावं. दोन्हींत टॉपिंग एकच असेल तर लार्जचं वजन मीडियमच्या पावणेदोन पटीच्या आसपास यायला हवं. दीडपटीवरच थांबलं तर थर पातळ केलेला आहे. पातळ बेसचा लार्ज आणि जाड बेसचा मीडियम यांची तुलना तर चौरस इंचावर करूच नये.

एवढं करूनही लार्जचा फायदा फार नाजूक असतो. चौघांत मागवलेल्या लार्जमधला एक तुकडा उरला आणि सकाळी कचऱ्यात गेला असं समजा. खाल्लेले चौरस इंच झाले ९९. पैसे पूर्ण ४६० गेलेत. दर पुन्हा ४ रुपये ६५ पैसे, मीडियमपेक्षा महाग. एकच तुकडा टाकला की आकाराची सगळी बचत गेली. दोघांनाच खायचं असेल आणि ठेवायला फ्रिज नसेल, जो खोली घेऊन राहणाऱ्या पोरांकडे बहुधा नसतो, तर कार्डावरचा स्वस्त दर त्यांच्यासाठी स्वस्त नाही. आठही तुकडे संपणार असतील तरच लार्ज.

सवलतींच्या दिवशी क्रम कसा बदलतो तेही बघण्यासारखं आहे. सगळ्यावर वीस टक्के सूट असेल तर काहीच बदलत नाही, दोन्ही दर सारख्याच प्रमाणात खाली येतात. मीडियमवर एकावर एक फुकट असेल तर विचारायलाच नको. २९० रुपयांत १२७ चौरस इंच मिळतात, दर २ रुपये २८ पैसे, आणि मिळणारा पिझ्झा एका लार्जपेक्षा जास्त. चौघं असतील तर ते दोन मीडियम घेऊन मोकळं व्हावं, काठ थोडा जास्त आला तरी.

फसवतं ते कूपन, ज्यावर टक्के नसून रुपये असतात. कुठल्याही पिझ्झावर १०० रुपये कमी, असं लिहिलेलं असतं आणि साहजिकच वाटतं की मोठ्यावर वापरू. करून बघा. मीडियम १९० ला पडतो, चौरस इंचाला २ रुपये ९९ पैसे. लार्ज ३६० ला पडतो, चौरस इंचाला ३ रुपये १८ पैसे. ठराविक रुपयांची सूट लहान नगावर जास्त बसते, पोचवण्याच्या ४० रुपयांच्या नेमकी उलट. तेच कूपन दोन वेगवेगळ्या मोबाइलवर आलं असेल तर दोन मीडियम ३८० रुपयांत १२७ चौरस इंच देतात, तर एक लार्ज ३६० रुपयांत ११३. वरच्या वीस रुपयांत लार्जच्या एका तुकड्याएवढा पिझ्झा जास्त येतो, फक्त दोन्ही ऑर्डरींवर पोचवण्याचे पैसे वेगळे लागत नाहीत ना, ते आधी बघायचं. लागत असतील तर दुकानापर्यंत चालत जायचं.