बाकी उरली दोन, ती कोणाची?

सगळ्यांनी सगळ्यांचे पैसे चुकते केले, तरी खर्च वाटून देणाऱ्या ॲपच्या एका कोपऱ्यात ‘0.01 येणे’ असं चिकटून बसलेलं तुम्ही पाहिलं असेल. ते कितीही घासलं तरी जात नाही. त्यावर जाणकार मंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं: ‘संगणकाला दशांश जमत नाहीत, रक्कम पूर्णांकात ठेवा, झालं.’ हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं.

आधी खरा भाग उरकून टाकू. 1 ला 3 ने भागलं की 0.333… असं न संपणारं उत्तर येतं, हे शाळेत आपण पाहिलेलं आहे. संगणक द्विमान पद्धतीने, म्हणजे दोनाच्या घातांत लिहितो, आणि त्याच्या दृष्टीने एक दशांश हाही असाच न संपणारा अपूर्णांक आहे. कारण दहाच्या पोटात पाच दडलेले आहेत, आणि दोनाच्या कुठल्याच घाताला पाचाने पूर्ण भाग जात नाही. मग तो कुठेतरी थांबतो आणि जवळची संख्या साठवतो. म्हणून बहुतेक भाषांमध्ये `0.1 + 0.2` चं उत्तर `0.30000000000000004` येतं. यापेक्षा घातक म्हणजे `19.99 * 100` हा गुणाकार. त्याचं उत्तर `1998.9999999999998` येतं. शेपूट छाटून त्याचा पूर्णांक केला की 1998 उरतात, आणि एक एकक घरातूनच नाहीसं होतं.

यावर उपाय म्हणजे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात मोजायची आणि गुणाकाराच्या वाटेलाच जायचं नाही. माणसाने टाइप केलेलं ‘19.5’ हे अक्षरं म्हणून वाचायचं, बिंदूपाशी तोडायचं, उजव्या भागात कमी पडणारं शून्य भरायचं आणि जोडून 1950 करायचं. शून्य भरायला विसरलात तर 195 होतात, आणि ही चूक चाचणीत हमखास निसटते, कारण चाचणी घेणारे ‘19.50’ असंच नीटनेटकं लिहितात. बिंदूनंतर दोनच अंक असतात हेही गृहीत धरू नका. जपानी येनला एकही दशांश स्थळ लागत नाही, तर कुवेती दिनाराचे 1000 भाग होतात.

आता रक्कम पूर्णांकात आली. पण वाटणी?

असं समजा की तिघांनी मिळून एक घर भाड्याने घेतलं. दोघं तीन-तीन रात्री राहिले, तिसरी एकच रात्र. म्हणजे 3:3:1, एकूण सात वाटे. बिल 100.00, आपल्या एककांत 10000. पहिल्या दोघांच्या वाट्याला 4285.71… येतात, तिसरीच्या 1428.57…. प्रत्येकाचा आकडा जवळच्या पूर्णांकाला नेला तर 4286, 4286 आणि 1429. बेरीज 10001! बिलापेक्षा एक जास्त. बिल 99.99 असतं तर याच रीतीने 4285, 4285 आणि 1428 आले असते आणि बेरीज 9998 झाली असती, एक कमी. यात दोनाच्या घातांचा काही दोष नाही, हा हिशेब कागदावर केला तरी असाच चुकतो. ‘आम्ही दहा दशांश स्थळांपर्यंत अचूक’ अशी जाहिरात करणाऱ्यांना विचारा, सातने भाग जात नाही तो दहा स्थळांनी कसा जाईल?

चूक पूर्णांकाला नेण्यात नाही, तर प्रत्येकाला स्वतंत्रपणे नेण्यात आहे. म्हणून आधी सगळ्यांचे आकडे खालीच उतरवायचे आणि बाकी जपून ठेवायची. 10000 गुणिले 3 म्हणजे 30000, सातने भागले की 4285 आणि बाकी 5. तिसरीचे 10000 भागिले सात म्हणजे 1428 आणि बाकी 4. बाक्या 5, 5 आणि 4, त्यांची बेरीज 14, आणि 14 ला सातने भागलं की 2. बरोबर दोनच एककं वाटायची राहिली आहेत! बाक्यांच्या बेरजेला नेहमी पूर्ण भाग जातो, कारण मूळ रक्कम स्वतः पूर्णांक आहे. ही दोन एककं सर्वांत मोठ्या बाकीवाल्यांना एकेक द्यायची: 4286, 4286, 1428. बेरीज 10000. सगळ्या हिशेबात दशांश बिंदू कुठेही आला नाही.

```
def split(total, weights):
    W = sum(weights)
    shares = [total * w // W for w in weights]
    rems = [total * w % W for w in weights]
    left = total - sum(shares)
    order = sorted(range(len(weights)), key=lambda i: -rems[i])
    for i in order[:left]:
        shares[i] += 1
    return shares
```

ही रीत ॲपवाल्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येनुसार राज्यांत वाटण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टनने तिचा पुरस्कार केला होता. 1792 मध्ये तिच्यावर बेतलेलं विधेयक जॉर्ज वॉशिंग्टनने नाकारलं, आणि अमेरिकी अध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार. पुढे ती रीत वापरात आलीच. मग 1880 च्या जनगणनेचे आकडे मांडताना विचित्र प्रकार दिसला: सभागृहात 299 जागा धरल्या तर अलाबामाला 8 मिळत होत्या, 300 धरल्या तर 7!

आपल्या तिघांच्या घरातही हेच घडतं. 9999 चा हिशेब करून पाहा. पहिल्या दोघांची बाकी 2, तिसरीची 3. वाटायला एकच एकक, ते तिसरीला जातं आणि तिचा वाटा होतो 1429. बिल एकाने वाढून 10000 झालं की तिचा वाटा 1428. बिल वाढलं आणि तिचं देणं घटलं! ही कोडमधली चूक नाही. एकूण वाढलं की मोठ्या वाट्याची बाकी तीनने वाढते आणि लहान वाट्याची एकानेच, त्यामुळे रांगेत पुढे उभी असलेली मागे पडते. कोणाचाही वाटा त्याच्या खऱ्या वाट्यापासून पूर्ण एककाने हलत नाही, म्हणून मी हे खपवून घेतो. मात्र ‘बिल वाढलं तर कोणाचाही वाटा घटू नये’ अशी चाचणी लिहून डोकं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत.

(उरलेले कण स्वतःच्या खात्यात वळवून श्रीमंत झालेल्या प्रोग्रॅमरची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती सांगणाऱ्या प्रत्येकाने ती ‘मित्राच्या मित्राकडून’ ऐकलेली असते. एवढं नक्की, की बेरीज जुळते का हे तपासणाऱ्या एका ओळीपुढे असा कण लपत नाही.)

बाक्या सारख्या असल्या तर? 100.00 चे तीन समान भाग म्हणजे 3334, 3333, 3333. वरचा कोड ते जास्तीचं एकक यादीत पहिल्या असणाऱ्याला लावतो. दर बिलाला तोच पहिला असेल तर वर्षभरात तोच भरत राहील. चिठ्ठी टाकावी, तर दोन फोनवर दोन वेगळी उत्तरं येतील. त्यापेक्षा बिलाच्या क्रमांकाला माणसांच्या संख्येने भागावं आणि जी बाकी येईल तिथून यादी सुरू करावी. उत्तर सगळीकडे एकच येतं आणि पाळी फिरत राहते. एकदा निघालेले वाटे मात्र साठवूनच ठेवायचे. उद्या गटात चौथा माणूस आला आणि ॲपने जुनी बिलं नव्याने वाटली, तर चुकते झालेले हिशेब पुन्हा उघडे पडतील.

शेवटचा खड्डा परताव्याचा. -10000 ला 3 ने भागताना पायथॉन खाली उतरून -3334 देतो, तर सी आणि जावा शून्याकडे सरकून -3333 देतात. त्यामुळे एकीकडे अधिक दोन उरतात, दुसरीकडे उणे एक, आणि उणे एककं ‘वाटायला’ गेलेला लूप एकदाही फिरत नाही. म्हणून परतावा आधी धन करून वाटायचा, मग प्रत्येक वाट्याला उणे चिन्ह लावायचं. यादी मूळ बिलाच्याच क्रमांकाने फिरवायची, म्हणजे पूर्ण परताव्यानंतर तिघांच्याही नावावर बरोबर शून्य दिसतं.