ड्रॉइंगवरचे फ्लॅटनेस, पोझिशन आणि डेटम : आम्ही जॉब कसा धरतो, कसा मोजतो

(ड्रॉइंग काढणाऱ्या नव्या डिझायनर ग्राहकांसाठी)

ड्रॉइंग हातात आल्यावर आम्हाला फोन करून विचारावे लागते, ते बहुतेक वेळा मापांबद्दल नसते. जॉब कुठल्या फेसवर टेकवायचा आणि कुठल्या कडेवरून मोजायचा, एवढेच विचारायचे असते. त्याचे उत्तर ड्रॉइंगवरच असायला हवे. ते कसे लिहायचे, हे एकाच जॉबवर दाखवतो.

अ‍ॅल्युमिनियमची १२० × ८० × १२ मिमीची प्लेट घ्या. तिचा खालचा फेस मशीनच्या बॉडीवर बसतो, लांब कड बॉडीवरच्या पट्टीला टेकते आणि आखूड कड एका पिनेला. मग चार एम६ बोल्ट प्लेटमधून जाऊन बॉडीतल्या आट्यांच्या होलमध्ये बसतात. खालच्या फेसला ए, लांब कडेला बी आणि आखूड कडेला सी असे डेटम दिले आहेत. खालच्या फेसवर पहिली ओळ आहे आणि चार होलना दुसरी:

```
⏥ | 0.05
⌖ | ⌀0.3 | A | B | C
```

पहिल्या ओळीत डेटमचे अक्षर नाही, आणि ते नसायलाच हवे. फ्लॅटनेस त्या फेसचा स्वतःचा आकार सांगतो. एकमेकांपासून ०.०५ मिमी अंतरावर दोन समांतर प्रतले कल्पा. फेसवरचा प्रत्येक बिंदू त्या दोघांच्या मधे मावला की काम झाले. ही प्रतले कशीही तिरपी असू शकतात. म्हणून फेस सपाट असूनही वरच्या फेसला समांतर नसू शकतो. प्लेट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होऊन चालणार नसेल, तर ते पॅरॅललिझमने वेगळे लिहा.

मोजतानाही इथेच गफलत होते. प्लेट सरफेस प्लेटवर पालथी ठेवून वरून डायल फिरवला, तर त्यात समांतरपणाची आणि खाली टेकलेल्या फेसची चूकही मिसळते. आम्ही प्लेट तीन छोट्या जॅकवर उचलतो, मोजायच्या फेसवरचे लांबलांबचे तीन बिंदू डायलवर शून्याला आणतो आणि मग सगळा फेस फिरतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रीडिंगमधला फरक ०.०५ च्या आत आला की फेस नक्की पास. थोडा बाहेर गेला तर लगेच रिजेक्ट करत नाही. खरा फ्लॅटनेस या आकड्यापेक्षा कमी असू शकतो, म्हणून तो सीएमएमवर पुन्हा पाहतो.

पातळ प्लेटबाबत आणखी एक गोष्ट. व्हाइसमध्ये आवळून फेस मारला की तो मशीनवर छान दिसतो, आणि सोडल्यावर प्लेट कमान घेते. त्यामुळे ०.०५ साठी आम्हाला दोन्ही बाजूंनी रफ काढून, प्लेट मोकळी करून, हलक्या हाताने पुन्हा धरून फिनिश कट घ्यावा लागतो. त्याचा वेळ कोटेशनमध्ये येतो. ०.०५ हवा तिथे जरूर मागा, पण कोणी न टेकणाऱ्या वरच्या फेसलाही तोच आकडा चिकटवू नका. खालच्या फेसला मात्र तो लागतोच. डेटम ए चा फेस डुगडुगत असेल, तर प्लेट दर वेळी वेगळी बसेल आणि होलची मापे दर वेळी वेगळी येतील.

आता होल. पोझिशनची ओळ होलच्या आसाबद्दल बोलते, व्यासाबद्दल नाही. कडेपासूनची अंतरे ड्रॉइंगवर चौकटीत लिहिलेली असतात: बी पासून १५ आणि ६५, सी पासून २० आणि १००. या मापांना स्वतःचा टॉलरन्स नसतो, ती आसाची अचूक जागा सांगतात. त्या जागेभोवती ए ला काटकोनात उभा असलेला ०.३ मिमी व्यासाचा सिलिंडर कल्पा. होलचा आस प्लेटच्या पूर्ण जाडीत त्याच्या आत राहायला हवा. म्हणजे होल जागेवर आहे पण तिरके पडले आहे, तर तेही इथेच पकडले जाते.

०.३ आला कुठून? होल कमीत कमी ६.६, बोल्ट जास्तीत जास्त ६, म्हणून मोकळीक ०.६. त्यातली अर्धी प्लेटच्या होलना आणि अर्धी बॉडीतल्या आट्यांना दिली. आकडा असा जोडणीतून काढलात, तर तो उगाच कडकही होत नाही आणि सैलही.

समजा, एक होल आडव्या दिशेने ०.१२ आणि उभ्या दिशेने ०.०९ सरकले. जागेपासून आसाचे अंतर ०.१५ आणि पोझिशन त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.३०. होल पास, अगदी काठावर. त्याच ठिकाणी ±०.१ लिहिले असते, तर ०.१२ मुळे हेच होल रिजेक्ट झाले असते. आणि दोन्ही दिशांना ०.१ सरकलेले, म्हणजे जागेपासून ०.१४ दूर गेलेले होल पास झाले असते. बोल्टला कोपरे कळत नाहीत, त्याला फक्त किती दूर एवढेच कळते.

सगळ्यात जास्त वाद होतात ते अक्षरांच्या क्रमावरून. ए आधी, म्हणून प्लेट खालच्या फेसवर तीन ठिकाणी टेकते. मग बी च्या लांब कडेला दोन ठिकाणी, आणि शेवटी सी ला एका ठिकाणी. प्लेट कुठल्या कडेला सरळ लावायची, ते दुसरे अक्षर ठरवते.

आमच्या हातून हीच चूक एकदा झाली आहे. ड्रॉइंगवर ए, सी, बी असा क्रम होता. आमच्या ऑपरेटरने सवयीने लांब कड सरळ लावली आणि होल पाडले. आमच्या तपासणीत, म्हणजे पुन्हा लांब कडेवरूनच, सगळे ठीक आले. ग्राहकाच्या तपासणीत लांबची होल बाहेर गेली. कारण दोन कडांमधला काटकोन थोडा चुकला होता.

आपल्या प्लेटवर हिशेब करून पाहा. सी ची कड ८० मिमीत ०.१ ने आत कललेली आहे. बी ला सरळ लावून होल अगदी अचूक पाडले. आता प्लेट सी ला सरळ लावून मोजा. ती कोपऱ्याभोवती तेवढीच फिरते, आणि सी पासून १०० व बी पासून १५ वरचे होल साधारण ०.१२६ सरकलेले दिसते. पोझिशन सुमारे ०.२५. म्हणजे ड्रिलने काहीही चूक न करता ०.३ मधले बहुतेक सगळे संपले. बी पासून ६५ वरच्या होलचे तर ०.३० च होते.

म्हणून अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लिहून मोकळे होऊ नका. प्लेट जोडताना फिटर आधी काय टेकवतो ते पाहा आणि तोच क्रम लिहा. बी आणि सी मधल्या काटकोनालाही टॉलरन्स द्या, नाहीतर वरचा ०.१ रोखणारे ड्रॉइंगवर काहीच नसते.

टायटल ब्लॉकमध्ये कुठले स्टँडर्ड ते नक्की लिहा. एएसएमई वाय१४.५ असेल, तर १२ ±०.१ या जाडीनेच फेसचा फ्लॅटनेस ०.२ च्या आत बांधला जातो. आयएसओ असेल, तर जाडीचे माप आणि आकार स्वतंत्र धरले जातात, आणि फ्लॅटनेस वेगळा न लिहिल्यास वाकलेली प्लेटही जाडीच्या मापात पास होऊ शकते. स्टँडर्ड लिहिलेले नसेल, तर काम सुरू करण्याआधी आम्ही तुम्हाला फोन करू.